असूचीबद्ध सार्वजनिक कंपनीचे भागधारक कसे शोधावेत?

सार्वजनिक कंपनी म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, हा समज चुकीचा आहे. कंपनी कायदा, 2013 नुसार सार्वजनिक कंपनीस किमान सात सभासद लागतात; तिचे समभाग बाजारात सूचीबद्ध असलेच पाहिजेत, असे बंधन नाही. असूचीबद्ध कंपनीच्या समभागांचा व्यवहार खरेदीदार व विक्रेता यांच्यात परस्पर ठरतो.

मुख्य फरक माहितीच्या ताजेपणात आहे. सूचीबद्ध कंपनीला भागधारणेचा तपशील प्रत्येक तिमाहीनंतर 21 दिवसांत शेअर बाजाराला द्यावा लागतो. असूचीबद्ध कंपनी मात्र तो वर्षातून एकदा, वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर 60 दिवसांत, MGT-7 या विवरणपत्राद्वारे कंपनी निबंधकाकडे सादर करते. सभा 30 सप्टेंबरला झाल्यास ही मुदत 29 नोव्हेंबरला संपते. त्यात 31 मार्चची स्थिती असल्याने हाती येणारी यादी सुमारे आठ महिने जुनी असू शकते.

हे विवरणपत्र mca.gov.in या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येते. भागधारकांची यादी त्यास जोडलेली असते. अधिक अलीकडची माहिती हवी असल्यास कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयातील सभासद नोंदवही तपासता येते. सभासदांना ती विनाशुल्क, तर इतरांना शुल्क भरून पाहता येते.

यादीतील नाव नोंदणीकृत धारकाचे असते. समभाग एखाद्या न्यासाच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या नावे असल्यास प्रत्यक्ष लाभार्थी यादीतून कळतोच असे नाही.