साठवणीच्या धान्यातील कीड

साठवणीच्या धान्यातील कीड म्हणजे काढणीनंतर साठवलेल्या तांदूळ, पीठ व कडधान्यांवर वाढणारे भुंगेरे व पतंग होत. पुणे शहरात गहू, तांदूळ व कडधान्ये उन्हाळ्यात वर्षभरासाठी भरून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आजही आहे. एप्रिल-मेमध्ये कोरडे असलेले हे धान्य जूननंतर दमट हवेतील ओलावा शोषते आणि किडीचा उपद्रव पावसाळ्यात दिसू लागतो. कीड लागलेले धान्य राखावे की टाकावे, हे किड्यांच्या संख्येपेक्षा त्यांची अळी कोठे वाढते यावर अधिक ठरते.

== तांदूळ ==

तांदळातील सोंडे (शास्त्रीय नाव: सायटोफिलस ओरायझी) हे तपकिरी, पुढे सोंड असलेले लहान भुंगेरे असून घरोघरी त्यांना पोरकिडे असेही म्हणतात. मादी दाण्याला भोक पाडून त्यात एक अंडे घालते व चिकट स्रावाने ते बुजवते. अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पूर्ण होतात. उबदार हवेत साधारण चार ते पाच आठवड्यांनी नवा भुंगेरा दाणा कोरून बाहेर येतो. त्यामुळे चाळून स्वच्छ केलेल्या तांदळात महिनाभराने पुन्हा सोंडे दिसतात. ते बाहेरून आले असे सहसा समजले जाते. प्रत्यक्षात ते आतच होते.

मे महिन्यात भरलेल्या १० किलो आंबेमोहोर तांदळात ऑगस्टमध्ये सोंडे आढळले, असे उदाहरण घेता येईल. प्रथम तांदूळ चाळून व पाखडून जिवंत किडे आणि भुसा काढावा. नंतर डब्याच्या निरनिराळ्या भागांतून १०० दाणे घेऊन भोक पडलेले दाणे मोजावेत. अन्नसुरक्षा व मानके विनियम, २०११ मध्ये विक्रीच्या तांदळासाठी किडक्या दाण्यांची कमाल मर्यादा संख्येने १० टक्के ठेवली होती. ही व्यापारी मर्यादा आहे. तिच्या बरीच आधी भाताची चव उतरते, आणि आत अळी असलेले अखंड दाणे या मोजणीत येतच नाहीत. १०० पैकी चार-पाच दाणे पोखरलेले असतील आणि वास नेहमीसारखा असेल, तर तांदूळ राखण्याजोगा असतो. त्याच्या एक-एक किलोच्या बंद पिशव्या करून उणे १८ अंश सेल्सिअसला किमान चार दिवस ठेवल्यास दाण्यातील अंडी व अळ्याही मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा थंड दाण्यांवर दव धरते. धुताना वर तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत. गोठवण्याची सोय नसल्यास दर आठवड्याला चाळून तो तांदूळ आधी संपवावा. कडक उन्हात सोंडे पळतात, परंतु तांदूळ तडकून त्याची कणी होते.

तांदळाच्या पतंगाची (कॉर्सिरा सेफालोनिका) अळी दाण्याबाहेर राहून रेशमी धाग्यांनी दाण्यांचे गोळे बांधते. जाळी एका कोपऱ्यात असेल तर तेवढा भाग काढून उरलेला तांदूळ वरीलप्रमाणे राखता येतो. जाळी डबाभर पसरली असल्यास विष्ठा व कातीही सर्वत्र मिसळलेल्या असतात आणि तो टाकणेच योग्य. हाच पतंग प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवतात, कारण उसाच्या खोडकिडीविरुद्ध सोडल्या जाणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची पैदास त्याच्या अंड्यांवर होते.

== कणीक ==

सोंड्याची अळी सुट्या पिठात वाढू शकत नाही. कणकेत आढळणारा लालसर, चपटा किडा बहुधा तांबडा भुंगेरा (ट्रायबोलियम कॅस्टेनियम) असतो. तो क्विनोन वर्गातील उग्र रसायने सोडतो. ती मिसळलेल्या पिठाला तिखट वास व कधी गुलाबी छटा येते आणि चाळून ती निघत नाहीत. असे पीठ टाकावे. वास अजिबात बदललेला नसून एखाद-दुसरा किडाच दिसल्यास चाळून लगेच वापरता येते.

== कडधान्ये ==

चवळी, मूग, हरभरा यांवरील भुंगेऱ्याची (कॅलोसोब्रुकस) अंडी दाण्याच्या सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. केवळ ठिपके असताना गोठवल्यास धान्य वाचते. बहुतेक दाण्यांना गोल भोके पडल्यावर आतील गर संपलेला असतो. तेव्हा निवडण्याचे श्रम व्यर्थ ठरतात. किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा एरंडेल तेल चोळण्याचा घरगुती उपाय प्रभावी आहे, कारण तेलामुळे सालीवरील अंडी गुदमरतात. दाण्यात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र ते पोहोचत नाही. म्हणून ते धान्य भरतानाच लावावे लागते.

== धोके ==

हे किडे शिजवलेल्या अन्नातून चुकून पोटात गेल्यास सहसा अपाय होत नाही. ओलावा व बुरशी अधिक घातक आहेत. धान्य हाताला गरम लागणे, ढेकळे होणे किंवा कुबट वास येणे ही बुरशीची लक्षणे असून काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही नष्ट होत नाही. असे धान्य जनावरांनाही घालू नये. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची रीत पुण्यात रूढ आहे, तथापि बोरिक आम्लाला खाद्यपदार्थांत परवानगी नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू प्राणघातक असून या गोळ्यांचा घरगुती वापर बेकायदेशीर आहे.