रजोनिवृत्तीनंतरचा मूत्रमार्गसंसर्ग

पाळी कायमची थांबल्यानंतर स्त्रीच्या मूत्रमार्गात व मूत्राशयात होणारा जंतुसंसर्ग. बोलीत याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी किंवा बार्ली देऊन तो उष्णतेचा त्रास समजून निभावला जातो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालेल्या संसर्गाला वारंवार होणारा संसर्ग मानतात. या वयात तो परत परत होण्यामागे अस्वच्छता क्वचितच असते. बहुतेकदा योनिमार्गाची नैसर्गिक राखण मोडलेली असते आणि ती पुन्हा उभी करता येते.

ही राखण इस्ट्रोजेन या संप्रेरकावर अवलंबून आहे. त्याच्या प्रभावाखाली योनीचे अस्तर जाड राहते आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू त्यावर जगतात व लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तेथील पीएच साधारण 3.5 ते 4.5 राहतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ होते, लॅक्टोबॅसिलस नाहीसे होतात आणि पीएच 5 च्या वर जातो. मग आतड्यातील ई. कोलाय हा जंतू योनीच्या तोंडाशी वस्ती करतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्याने पुढचा प्रवास त्याला अवघड नसतो. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ यांनाही इस्ट्रोजेन लागते, म्हणून तेही याच काळात नाजूक होतात. मधुमेह, अंग बाहेर येणे आणि लघवी पूर्ण न होणे ही कारणे यात भर घालतात. शस्त्रक्रियेत दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर हा बदल सावकाश न होता एकदम होतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याचे 2019 मध्ये उघड झाले. त्यांपैकी ज्यांचे बीजांडकोशही काढले गेले, त्यांच्या बाबतीत ही नोंद साठीच्या नव्हे, तिशी-चाळिशीच्या बाईची आहे.

राखण पुन्हा उभी राहते याचा भक्कम पुरावा राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी 1993 मध्ये दिला. रजोनिवृत्तीनंतर वारंवार संसर्ग होणाऱ्या 93 स्त्रियांना त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे योनीत लावायचे मलम दिले आणि दुसऱ्याला औषध नसलेले तसेच मलम. आठ महिन्यांच्या निरीक्षणात संसर्गाचे प्रमाण मलम लावणाऱ्यांत दर स्त्रीमागे वर्षाला 0.5 आणि दुसऱ्या गटात 5.9 आढळले. एका महिन्यातच पहिल्या गटातील 61 टक्के स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस परतले होते, दुसऱ्या गटात एकीतही नाही. हा अभ्यास लहान होता हे खरे, पण पुढच्या अभ्यासांची दिशाही तीच राहिली. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने 2019 च्या मार्गदर्शिकेत अशा स्त्रियांना, विरोधी कारण नसल्यास, योनीतील इस्ट्रोजेन सुचवावे असे म्हटले. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेन गोळ्यांनी मात्र संसर्ग कमी होत नाहीत.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. त्रेसष्ट वर्षांच्या बाईंना वर्षात चार वेळा ‘उन्हाळी’ लागली आणि चारही वेळा प्रतिजैविक मिळाले. जुने कागद तपासले तर दोनच वेळा लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय वाढलेला होता. उरलेल्या दोन वेळा जळजळ होती, जंतू नव्हता. ती जळजळ कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेवरून लघवी गेल्याने होत होती. तिच्यावर प्रतिजैविकाचा इलाज नाही. तपासणीत योनीचे अस्तर फिकट दिसते, पीएच 6 येतो. लघवी करून आल्यावर केलेल्या सोनोग्राफीत मूत्राशयात फारशी लघवी उरलेली नसते. आता एस्ट्रिऑल मलम सुरू होते: अर्धा मिलिग्रॅम रोज रात्री दोन आठवडे, नंतर आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात बाईंना पुन्हा संसर्ग झाला, तर त्यावरून मलम निरुपयोगी ठरत नाही. त्या संसर्गाचा वेगळा इलाज करायचा आणि मलम चालू ठेवायचे. अनेक बायका नेमक्या इथेच ते सोडून देतात. गुण आल्यावर थांबवले तर काही काळाने अस्तर पुन्हा पातळ होते, म्हणून हा उपचार लांब चालवावा लागतो.

मलम सोडण्याचे दुसरे कारण म्हणजे खोक्यातील पत्रकावरचा कर्करोगाचा उल्लेख. अशा इशाऱ्यांचे मूळ मुख्यतः 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकन अभ्यासात आहे. तो तोंडाने घ्यायच्या संप्रेरक गोळ्यांचा होता. योनीत कमी मात्रेने लावलेले औषध रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे दोन्हींना एकाच तराजूत तोलणे चूक आहे. तरी दोन ठिकाणी थांबावे. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त गेले असेल, तर त्याचे कारण कळेपर्यंत मलम लावू नये. आणि स्तनाचा कर्करोग झालेला असेल, विशेषतः ॲरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

वयाप्रमाणे लक्षणेही बदलतात. तरुणपणी संसर्गाची सुरुवात स्पष्ट असते: काल काही नव्हते, आज जळजळ, ओटीपोटात दुखणे, घडीघडी लघवी. पासष्टीनंतर घाईने लागणे, रात्री दोन-तीनदा उठणे, थेंब निसटणे हे अनेकींना एरवीही असते. त्यामुळे नेहमीपेक्षा वेगळे काय झाले हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अलीकडेच सुरू झालेली जळजळ किंवा दोन दिवसांत वाढलेली गळती संसर्गाकडे बोट दाखवते, वर्षभराची जुनी तक्रार तितकी नाही. म्हातारपणी ताप कमी चढतो किंवा येतच नाही, म्हणून अंग गरम नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

याच वयात उलट चूकही होते. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास न देणारे जंतू पुष्कळदा सापडतात. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, लघवी तपासली, जंतू निघाले आणि दोष संसर्गावर टाकला, असे घरोघरी होते. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची 2019 ची मार्गदर्शिका सांगते, की लघवीची लक्षणे, ताप किंवा प्रकृती ढासळल्याच्या खुणा नसतील, तर प्रतिजैविक देण्याऐवजी निरीक्षण करावे आणि अन्य कारण शोधावे. पाणी कमी पडणे, सोडियम उतरणे, नवी झोपेची गोळी, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे ही कारणे तेवढ्यात निसटतात.

कल्चरसाठी लघवी प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी द्यावी. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी. अहवालात अनेक प्रकारचे जंतू मिसळून आले, तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. संसर्ग बरा झाल्यावरही लघवीत रक्त राहिले, तर मूत्राशयाची तपासणी करून घ्यावी.