तळटीप : नळीतील द्रव सोडियम

लेखकाने येथे वापरलेले डिटस-बोल्टर सूत्र पाण्याला चालते, सोडियमला नाही. ४०० अंश सेल्सिअसला सोडियमचा प्रांटल अंक ०.००५ च्या आसपास असतो; म्हणजे त्यात उष्णता संवेगापेक्षा सुमारे दोनशे पट वेगाने पसरते. त्यामुळे प्रवाह खळबळता असूनही उष्णता नळीच्या मध्यापर्यंत मुख्यतः वहनानेच पोचते, भोवऱ्यांचा हातभार थोडा. लायनच्या Nu = 7 + 0.025 Pe^0.8 या सूत्रातला ७ हा त्या वहनाचाच वाटा. रेनॉल्ड्स अंक ५०,००० धरला, तर पेक्ले अंक २५० होतो आणि Nu सुमारे ९ येतो. डिटस-बोल्टर मात्र १६ सांगते. ही चूक किरकोळ नव्हे. भिंतीवरचा उष्णतेचा ओघ एकसारखा नसून तिचे तापमान स्थिर असेल, तर ७ ऐवजी ५ घ्यावा.