बॉटल एपिसोड
दूरचित्रवाणी मालिकेचा, आधीच उभ्या असलेल्या एकाच सेटवर मोजक्या नटांत उरकलेला भाग. कारण बहुधा पैशाचे. ‘ब्रेकिंग बॅड’चा ‘फ्लाय’ (२०१०, दिग्दर्शक रायन जॉन्सन) खर्च आटोक्यात ठेवण्यासाठीच असा रचला गेला. भूमिगत प्रयोगशाळेत शिरलेल्या एका माशीमागे वॉल्टर आणि जेसी जवळजवळ अख्खा भाग घालवतात. एवढाच भाग पाहिलेल्याने मालिका शोधायची तर माशी हा पक्का धागा, पिवळे संरक्षक पोशाख दुसरा. दृश्यांचा बाज मात्र फसवा: एरवी या मालिकेत वाळवंट आणि मोकळे आकाश भरपूर, इथे चार भिंती. जेसीने कॉफीत घातलेल्या झोपेच्या गोळ्यांनी सुस्तावलेला वॉल्टर शिडी धरून जेसीची प्रेयसी जेन हिच्या मृत्यूबद्दलच्या कबुलीच्या काठावर येतो. वर चढलेल्या जेसीला त्यामागचे काहीच ठाऊक नसते.