दुधाला पर्याय ते दुधातली साखर : माल्टेड पावडरीचा दीडशे वर्षांचा प्रवास

एकोणिसाव्या शतकातील शहरांत लहान मुलाला बाहेरचे दूध पाजणे हा जुगारच होता. शीतपेट्या नव्हत्या, पाश्चरीकरण रुळले नव्हते, आणि गोठ्यापासून घरापर्यंत येताना दूध नासलेले किंवा पाणी घातलेले असे. ज्या तान्ह्याला आईचे दूध मिळत नसे, त्याच्या जिवावर बेतण्याचा धोका मोठा होता.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग याने 1860 च्या दशकात यावर एक उपाय सुचविला : गव्हाचे पीठ, मोड आणलेल्या जवाचे पीठ, गाईचे दूध आणि थोडासा क्षार. यातील मर्म मोडांत होते. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते पिष्टाचे रूपांतर माल्टोज या साखरेत करते. पिष्ट पचवू न शकणाऱ्या बाळाला ते सोपे जाते. (नाचणीचे सत्त्व करणाऱ्या मराठी आजींना हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते.)

हाच धागा पकडून इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेले जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे बंधू 1873 मध्ये व्यवसायात उतरले. जेम्स औषधनिर्माता होता. त्यांचे पहिले खाद्य दुधात कालवावे लागे, म्हणजे खराब दुधाची अडचण कायमच राहिली. पुढे विस्कॉन्सिनमधील रसीन येथे त्यांनी माल्ट, गव्हाचे पीठ आणि दूध एकत्र आटवून कोरडी पूड बनविली आणि 1883 मध्ये तिचे पेटंट घेतले. आता लागत होते ते फक्त गरम पाणी. ही पूड दुधात घालण्याची नव्हती. तीच दुधाची जागा घेणार होती. टिकाऊ आणि हलकी असल्यामुळे ती ध्रुवीय मोहिमांबरोबरही गेली.

नंतर दूध सुरक्षित झाले आणि पुडीचे मूळ कारणच उरले नाही. मग कारणे घडविली गेली. 1930 च्या दशकात ब्रिटनमधील जाहिरातींनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचा विकार शोधून काढला आणि झोपण्यापूर्वीचा हॉर्लिक्सचा पेला हा त्यावरचा उतारा ठरविला. वैद्यकशास्त्राला असा विकार ठाऊक नव्हता.

भारतात बोर्नव्हिटा 1948 पासून मिळू लागले, तर 1960 मध्ये पंजाबात म्हशीचे दूध वापरून हॉर्लिक्स बनविणारा कारखाना उभा राहिला. दूध दुर्मीळ असलेल्या काळात या डब्यांना मान होता. पण इथे वचन बदलले. ब्रिटनमध्ये जे पेय झोप आणत होते, ते इथे मुलांची उंची आणि बुद्धी वाढवू लागले! 2008 मध्ये बांगलादेशसाठी बनविलेली अशी एक जाहिरात ब्रिटनमधील नेपाळी वाहिनीवर चुकून दाखविली गेली. मुले ‘अधिक उंच, सशक्त आणि तल्लख’ होतात, हा दावा सिद्ध होत नाही, असे म्हणून तिथल्या जाहिरात-नियामकाने ती थांबविली.

आता हिशेब डब्याचाच. 2023 साली भारतात विकल्या जाणाऱ्या बोर्नव्हिटाच्या 100 ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर 37.4 ग्रॅम होती आणि प्रथिने सुमारे 7 ग्रॅम. एका पेल्याला 20 ग्रॅम पूड धरली, तर साखर साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा, आणि प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम. ज्या 200 मिलिलिटर दुधात ती मिसळायची, त्यात स्वतःचीच सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि भरपूर कॅल्शियम असते. पेल्यातले पोषण बहुतांशी दुधाचे. जाहिरात मात्र पुडीची. दिवसाचे दोन पेले म्हणजे 15 ग्रॅम साखर. दिवसाला 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा सुमारे 37 ग्रॅम येते, आणि शक्यतो तिच्या निम्म्यातच राहावे, असे ती संघटना सांगते.

पुडीत मिसळलेली जीवनसत्त्वे आणि लोह खोटे नाहीत. ज्या मुलात त्यांची उणीव आहे त्याला त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण लोह दुधातून देणे हा फारसा चांगला मार्ग नव्हे, कारण कॅल्शियम त्याच्या शोषणात अडथळा आणते. शिवाय वेष्टनावरील ‘वरून घातलेली साखर’ हा आकडा वाचून थांबणे पुरेसे नाही. माल्टमधून आणि दूध-पावडरीतून आलेली साखर ‘एकूण साखर’ या ओळीत दिसते. लिबिगच्या काळी जी साखर औषधासारखी होती, तीच आता हिशेबाबाहेर राहते.

2023 मध्ये या साखरेवरून समाजमाध्यमांत मोठा वाद झाला. त्या वर्षाअखेर बोर्नव्हिटातील वरून घातलेली साखर 32.2 ग्रॅमवर आली. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही, हे कारण होते. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या मालकीच्या कंपनीनेही या वर्गाच्या नावातून ‘हेल्थ’ हा शब्द वगळला. नवे नाव : ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक’.