स्वतःच्या डोमेनवरील व्यावसायिक ईमेल

फुकट मिळणाऱ्या सामायिक सेवेऐवजी स्वतः नोंदवलेल्या डोमेननावावर चालणारा, मुख्यतः ग्राहकांशी पत्रव्यवहारासाठी वापरला जाणारा ईमेल पत्ता. त्यात तीन भाग येतात: डोमेननाव, टपालपेटी देणारी सेवा आणि या दोहोंना जोडणाऱ्या डीएनएस नोंदी. हे तिन्ही भाग वेगवेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात, आणि बहुतेक घोटाळे या जोडणीतच होतात.

डोमेन विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी भाड्याने घेतल्यासारखे असते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. संकेतस्थळ बनवून देणारा माणूस अनेकदा ते स्वतःच्या खात्यातून नोंदवतो. पुढे त्याच्याशी संपर्क तुटला, तर संकेतस्थळाबरोबर टपालही बंद पडते. म्हणून नोंदणी व्यवसायमालकाच्याच नावाने असावी, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर मागवू नयेत. डोमेन बंद पडले, की त्या सूचनाही पोहोचत नाहीत.

उदाहरण म्हणून अंतर्गत सजावटीचा एक छोटा व्यवसाय घेता येईल. त्याचे डोमेन example.com असून (हे नाव नमुन्यासाठीच राखीव आहे) टपालासाठी गुगल वर्कस्पेस निवडले आहे. आधी त्या सेवेत डोमेनची मालकी सिद्ध करून टपालपेटी तयार करावी, मगच डीएनएस बदलावे. उलट क्रमाने गेल्यास मधल्या वेळेत आलेली पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातात. मुख्य नोंदी अशा असतात:

```
example.com.         MX   1 smtp.google.com.
example.com.         TXT  "v=spf1 include:_spf.google.com ~all"
_dmarc.example.com.  TXT  "v=DMARC1; p=none"
```

पहिली, एमएक्स नोंद, येणारे टपाल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगते. होस्टिंगवाल्याची जुनी एमएक्स नोंद काढायची राहून गेली, तर काही पत्रे जुन्याच पेटीत पडत राहतात. दुसरी, एसपीएफ नोंद, या डोमेनच्या नावाने टपाल पाठवण्याची मुभा कोणाला आहे ते जाहीर करते. त्याशिवाय डीकेआयएम नावाची सही प्रत्येक पत्रावर उमटते. तिची किल्ली गुगलच्या प्रशासन-पानावर तयार करून डीएनएसमध्ये टाकायची असते; त्यानंतर त्याच पानावर परत येऊन सही सुरू करावी लागते, आणि नेमकी हीच पायरी विसरली जाते. तिसरी, डीमार्क नोंद, तपासणीत नापास ठरलेल्या पत्राचे काय करावे ते कळवते. p=none म्हणजे तूर्त काही अडवू नये; सर्व पत्रे नीट उत्तीर्ण होत असल्याची खात्री पटल्यावर ती कडक करता येते. फेब्रुवारी 2024पासून जीमेल खात्यांकडे टपाल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक लागते.

या व्यवसायाची बिले संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून जातात असे समजू. त्यासाठी कोणी दुसरी एसपीएफ नोंद वेगळी जोडतो, आणि तेव्हापासून बिलेच काय, साधी पत्रेही स्पॅममध्ये जाऊ लागतात. एका डोमेनला एसपीएफ नोंद एकच चालते. दोन असल्या की तपासणी चुकीची ठरते. उपाय म्हणजे दोन्ही एकत्र लिहिणे:

```
v=spf1 include:_spf.google.com ip4:203.0.113.10 ~all
```

त्याच सर्व्हरवरून आणखी एक गंमत घडते. संकेतस्थळावरच्या चौकशीच्या फॉर्ममधून आलेली पत्रे गायब होतात, कारण डोमेनचे टपाल आपल्याच इथे आहे असा होस्टिंग सर्व्हरचा समज असतो आणि तो ती पत्रे बाहेर पाठवतच नाही. होस्टिंगच्या टपाल-मार्गाच्या सेटिंगमध्ये स्थानिकऐवजी दूरस्थ सर्व्हर निवडल्यावर ती येऊ लागतात.

सगळे जुळले की नाही हे पाहण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही जीमेल खात्यावर पत्र पाठवावे आणि तेथे Show original उघडावे. SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे PASS दिसले पाहिजे. डीएनएसमधला बदल सगळीकडे दिसायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात नोंदी पुन्हा पुन्हा बदलल्या, तर काय चुकले हेच कळेनासे होते.

पत्राखालच्या सहीत नाव, काम, व्यवसायाचे नाव, +91सह फोन क्रमांक आणि संकेतस्थळ एवढे चार-पाच ओळींत पुरते. संपूर्ण सही चित्ररूपात बनवण्याची हौस महागात पडते: चित्रे रोखणाऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये तिथे रिकामी चौकट दिसते आणि क्रमांक निवडून डायलही करता येत नाही. बोधचिन्ह ठेवायचेच असेल तर लहान असावे आणि मजकूर अक्षरांतच राहावा. मराठी सही युनिकोडमध्येच टाइप करावी. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टांतला मजकूर चिकटवला, तर तो फॉन्ट नसलेल्या ग्राहकाला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. जुन्या प्रथेनुसार सहीच्या वर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा असलेली ओळ असते, तीवरून काही प्रोग्रॅम सही ओळखून उत्तरातून वगळतात. लांबलचक पत्रव्यवहारात दर उत्तराखाली पूर्ण सही साचत जाते, म्हणून उत्तरांसाठी नाव आणि फोन एवढीच वेगळी सही ठेवतात.