पैसा वरून, तोटा खालून

1983च्या जून महिन्यात फ्रेडी मॅक या अमेरिकी संस्थेने 100 कोटी डॉलरचे रोखे बाजारात आणले. मागे तारण म्हणून लोकांची गृहकर्जं होती आणि रोख्यांचे तीन तुकडे होते. सॉलोमन ब्रदर्स आणि फर्स्ट बोस्टन या वॉल स्ट्रीटवरच्या पेढ्यांनी ते घडवले होते. आज ज्याला ट्रांच पाडणं म्हणतात, त्याची गृहकर्जांमधली सुरुवात बहुतेक इथूनच सांगितली जाते. पण त्या तीन तुकड्यांमध्ये तोट्याची वाटणी नव्हतीच. कर्जदाराने हप्ता बुडवला तर फ्रेडी मॅक स्वतः भरून देणार होती. वाटून घ्यायचा होता तो वेळ.

त्याआधी तेरा वर्षं, म्हणजे 1970 पासून, जिनी मे या सरकारी संस्थेच्या हमीवर गृहकर्जांचे गठ्ठे विकले जात होते. गठ्ठ्यात जो हप्ता येईल तो सगळ्या गुंतवणूकदारांना हिश्श्याप्रमाणे मिळे. तक्रार एकच होती. अमेरिकेतला घरमालक बहुतेकदा दंड न भरता कर्ज मुदतीआधी फेडू शकतो. व्याजदर उतरले की तो नवं स्वस्त कर्ज काढून जुनं फेडून टाकतो, आणि गुंतवणूकदाराचं मुद्दल नेमकं तेव्हा परत येतं, जेव्हा ते चांगल्या दराने गुंतवायला जागा उरलेली नसते. वीस वर्षांनी पेन्शन द्यायची असलेल्या फंडाला हे परवडत नव्हतं. उलट काही बँकांना पैसा लवकर परत यायलाच हवा होता. फ्रेडी मॅकने यावर नियम केला. व्याज तिघांना मिळेल, पण येणारं सगळं मुद्दल आधी पहिल्या तुकड्याला, तो पूर्ण फिटला की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. गठ्ठा तोच, कर्जदार तेच. फक्त रांग लावली, आणि एकाच मालातून तीन वेगळ्या मुदतींचे रोखे निघाले.

ही रांग तोट्यासाठी वापरायची गरज दुसरीकडून आली. फ्रेडी मॅक ठरावीक रकमेपर्यंतचीच कर्जं घेत असे. त्याहून मोठ्या कर्जांना सरकारी आधाराच्या संस्थेची हमी नव्हती, म्हणून खासगी पेढ्या त्या गठ्ठ्यांसाठी विमा किंवा बँकेचं हमीपत्र घेत. त्यात गोची अशी की रोख्याची पत विमा कंपनीच्या पतीला बांधली जाई. 1985 मध्ये एपिक नावाची घरांत गुंतवणूक करणारी कंपनी बुडाली, आणि तिच्या कर्जांचा विमा उतरवणारी टायकोर ही कंपनीही त्या ओझ्याखाली कोसळली. बाहेरच्याच्या हमीवर उभ्या असलेल्या रोख्याचं काय होतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मग हमी बाहेरून न घेता गठ्ठ्याच्या आतूनच का काढू नये? काही गुंतवणूकदारांनी जास्त व्याजाच्या बदल्यात तोटा आधी सोसायचा, म्हणजे बाकीचे सुरक्षित.

अडसर कराचा होता. गठ्ठा ज्या ट्रस्टमध्ये ठेवला जाई, तो निष्क्रिय राहिला तरच त्याच्यावर वेगळा कर लागत नसे. 1984 मध्ये सिअर्सच्या गृहकर्ज कंपनीने एकाच ट्रस्टमधून वेगवेगळ्या हक्कांचे तुकडे काढायचा घाट घातला, तेव्हा कर खात्याने नियमच काढला की असा ट्रस्ट कंपनी धरला जाईल. ही कोंडी 1986च्या करसुधारणा कायद्याने फोडली. त्या कायद्याने रेमिक नावाची रचना दिली. तिच्यात कितीही तुकडे पाडा, गठ्ठ्याच्या पातळीवर कर नाही. सीनियर आणि ज्युनियर ही जोडी खऱ्या अर्थाने यानंतर सुटसुटीतपणे बांधता येऊ लागली. या कुळकथेत कर खात्याला मी वॉल स्ट्रीटच्या हुशारीपेक्षा मोठी जागा देतो. कल्पना आधीच तयार होती, वाट मिळाली ती कायद्याने.

आता ही रचना आकड्यांत पाहू. समजा, प्रत्येकी 1 लाख डॉलरची 1,000 कर्जं आहेत, एकूण 10 कोटी. त्यांवर तीन तुकडे: सीनियर 8 कोटी, मधला म्हणजे मेझनीन 1.5 कोटी आणि ज्युनियर 50 लाख. पैसा वाटण्याच्या क्रमाला बाजारात वॉटरफॉल म्हणतात. आपल्याकडच्या कालव्यासारखाच तो चालतो. मुखाजवळच्या शेताचं भागलं की पाणी पुढे, आणि टेलच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं. तोट्याचा प्रवास मात्र उलट असतो, तो टेलपासून वर चढतो.

100 कर्जदारांनी हप्ते थांबवले असं धरू. बाकी 1 कोटी. घरं जप्त होऊन लिलावात गेली आणि खर्च वजा जाता 60 लाख हाती आले. तोटा 40 लाख. तो ज्युनियरच्या खात्यातून वजा होतो, त्याचे 50 लाखांचे 10 लाख उरतात. वसूल झालेले 60 लाख मात्र मुद्दल म्हणून वरच्या टोकाला जातात आणि सीनियरचं येणं 8 कोटींवरून 7 कोटी 40 लाखांवर येतं. म्हणजे कर्जं बुडाली तेव्हा सीनियरचं काहीच गेलं नाही, उलट त्याचा पैसा लवकर परत आला. बुडणारे 200 असते आणि लिलावात निम्मेच पैसे आले असते, तर तोटा 1 कोटीचा झाला असता. ज्युनियर संपला असता, मेझनीनचे 1.5 कोटींचे 1 कोटी राहिले असते, आणि सीनियर तेव्हाही निर्धोक.

ज्युनियरच्याही आधी एक गादी असते. कर्जदार 8 टक्के व्याज भरतात आणि रोख्यांवर सरासरी साडेसहा द्यायचं असतं, तर दीड टक्का मागे उरतो. 10 कोटींवर वर्षाला 15 लाख. तोटा प्रथम यातून भागवतात. पण ही गादी हुलकावणी देते. परिस्थिती चांगली असलेला कर्जदार मुदतीआधी कर्ज फेडून निघून जातो, डबघाईला आलेला मागे राहतो, आणि नेमका तोटा वाढायच्या वेळी हे जादा व्याज आटलेलं असतं.

दुसरी फट वेळेची. पहिली काही वर्षं, बहुधा तीन, मुद्दल फक्त सीनियरला मिळतं. त्यानंतर थकबाकी मर्यादेत असेल तर खालच्यांनाही पैसे सोडायची मुभा असते. तोटा मात्र लिलाव झाल्यावरच नोंदला जातो, आणि लिलावाला महिनोन्‌महिने, कधी वर्षं लागतात. त्या काळात हप्ते वसूल करणारी कंपनी बुडालेल्या कर्जाचं व्याज स्वतःच्या खिशातून गठ्ठ्यात भरत राहते आणि पुढे ते सर्वांत आधी कापून घेते. म्हणून मासिक पत्रकात तोट्याचा रकाना शांत आणि साठ-नव्वद दिवसांच्या थकबाकीचा रकाना फुगलेला दिसला, तर समजावं की तोटा झालेला आहे, फक्त नोंद व्हायची आहे. मला ही पत्रकं कोणत्याही पतमापनाच्या अक्षरांपेक्षा प्रामाणिक वाटतात. फक्त ती शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवीत.

इथपर्यंत रचनेत खोट नाही. खोट आली ती तुकड्यांचेच पुन्हा तुकडे पाडताना. कर्जरोख्यांचा गठ्ठा करून त्यावर सीनियर-ज्युनियर रचना उभारायचा प्रकार 1987 मध्ये ड्रेक्सेल बर्नहॅम लॅम्बर्टने केला होता. 1997 मध्ये जे. पी. मॉर्गनने बिस्ट्रो या व्यवहारात सुमारे 970 कोटी डॉलरच्या कर्जांची जोखीम फक्त 70 कोटींच्या रोख्यांवर तोलली आणि वरचा सगळा भाग जवळजवळ धोक्याबाहेरचा मानला. कर्जं मोठ्या कंपन्यांची होती, तोवर ते निभावलं. 2000 नंतर तीच तऱ्हा सबप्राइम गृहकर्जांच्या खालच्या तुकड्यांवर चालवली गेली.

हे तुकडे पातळ होते. 10 कोटींच्या गठ्ठ्यात तोटा 5 टक्क्यांवर गेल्यावर ज्याला झळ लागते आणि 8 टक्क्यांवर जो पुरता संपतो, असा एक तुकडा घ्या. शंभर निरनिराळ्या गठ्ठ्यांतले असे शंभर तुकडे एकत्र केले आणि त्यावर नवा वॉटरफॉल बसवला: वरचे 75 टक्के सीनियर, खालचे 25 टक्के बाकीचे. आता प्रत्येक मूळ गठ्ठ्यात साडेसहा टक्के तोटा होऊ द्या. मूळ सीनियरला पत्ताही लागत नाही. पण आपला प्रत्येक तुकडा 5 ते 8च्या बरोबर मध्ये, म्हणजे निम्मा जातो. नव्या रचनेत तोटा 50 टक्के. खालचे 25 साफ होतात, उरलेले 25 सीनियरच्या 75 मधून जातात. सर्वोच्च पत मिळालेल्या कागदाचा एक तृतीयांश गेला, तोही फक्त साडेसहा टक्के तोट्यावर. आणखी दीड टक्का वाढला की सगळंच शून्य.

याला उत्तर होतं, की शंभरही गठ्ठे एकदम कशाला बिघडतील? काही चार टक्क्यांवर थांबतील, काही नऊवर जातील. डेव्हिड ली यांनी 2000 मध्ये मांडलेलं कोप्युला सूत्र हे एकत्र बुडणं मोजायला वापरलं जाई. त्यात भरायचा सहसंबंधाचा आकडा मात्र शेवटी माणसानेच गृहीत धरायचा असतो. आणि गठ्ठे गावांच्या नावांनी वेगळे असले तरी आतली कर्जं एकाच साच्याची होती. सिटीग्रुपने 2006 मध्ये न्यू सेंच्युरी या गृहकर्ज कंपनीची 4,499 कर्जं घेऊन सुमारे 94.7 कोटी डॉलरचा एक व्यवहार रचला. अमेरिकेच्या आर्थिक संकट चौकशी आयोगाने तो नमुना म्हणून तपासला. त्याच्या सुमारे 78 टक्के भागाला सर्वोच्च पत मिळाली होती आणि त्याखाली 11 मधले तुकडे होते. कर्जं बहुतांश अशी, की पहिली दोन वर्षं हप्ता ठरलेला आणि नंतर व्याजदर बदलता. कर्जदाराची वाट एकच होती, दोन वर्षांत घराची किंमत वाढावी आणि त्या जोरावर नवं कर्ज मिळावं. 2006 नंतर किमती फिरल्या आणि ही वाट सगळ्यांसाठी एकाच वेळी बंद झाली. एप्रिल 2007 मध्ये न्यू सेंच्युरीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

भारतात कर्जांचे गठ्ठे विकण्याची नियमावली रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये आणली. वाहनकर्जं किंवा सूक्ष्मकर्जं विकताना इथे तुकडे बहुधा दोनच असतात, आणि खालचा तुकडा नि बँकेत ठेवलेली तारण रोकड सहसा मूळ कर्ज देणाऱ्या कंपनीच्याच गळ्यात राहते. 2021च्या निर्देशांनुसार 24 महिन्यांपर्यंतच्या कर्जांत 5 टक्के आणि त्याहून लांब मुदतीच्या कर्जांत 10 टक्के हिस्सा तिने स्वतःकडे ठेवायचा असतो. घरतारण कर्जांना 5 टक्के. तुकड्यांचा गठ्ठा करून त्याचे पुन्हा तुकडे पाडणं, ज्यावर वरचं गणित उभं आहे, त्याला मात्र इथे परवानगीच नाही.